क्रिटिकल स्पीड आणि रोटरमधला अनुनाद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पंखे, ब्लोअर, पंप यांचं डिझाइन करणारे विद्यार्थी आणि मेंटेनन्सची माणसं जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत शक्यतो एकच यंत्र वापरलं आहे: दोन बेअरिंगच्या मधोमध इम्पेलर असलेला एक सेंट्रिफ्युगल पंखा. इम्पेलर ३० किलोचा, शाफ्ट ४० मिमी व्यासाचा, बेअरिंगमधलं अंतर १ मीटर, आणि चार पोलची मोटर थेट जोडलेली, म्हणजे वेग सुमारे १४८० आरपीएम. हा पंखा उदाहरणासाठी रचलेला आहे, पण त्याची दुखणी खरी आहेत.

१. क्रिटिकल स्पीड म्हणजे नेमकं काय?

कुठल्याही इम्पेलरचा गुरुत्वमध्य शाफ्टच्या मध्यावर तंतोतंत नसतो. काही मायक्रॉनचा फरक राहतोच. शाफ्ट फिरू लागला की हा फरक केंद्रापासून दूर ओढणारं बल तयार करतो आणि शाफ्ट थोडा वाकतो. वाकल्यामुळे गुरुत्वमध्य आणखी बाहेर जातो, त्यामुळे बल वाढतं, शाफ्ट आणखी वाकतो. त्याला परत सरळ करू पाहते ती शाफ्टची स्वतःची स्प्रिंगसारखी ताठरता.

वेग कमी असतो तोवर ताठरता जिंकते आणि वाक एका ठिकाणी थांबतो. पण बाहेर ओढणारं बल वेगाच्या वर्गाने वाढतं, ताठरता मात्र आहे तेवढीच राहते. ज्या वेगाला दोघांची वाढ बरोबरीची होते, तिथे वाक थांबवायला डॅम्पिंगखेरीज काही उरत नाही. तो वेग म्हणजे क्रिटिकल स्पीड. हाच वेग शाफ्टच्या आडव्या कंपनांच्या नैसर्गिक वारंवारतेशी जुळतो, म्हणून याला अनुनाद म्हणतात. असंतुलनाचं बल दर फेरीला एकदा येतं आणि नेमकं यंत्राच्या स्वतःच्या लयीवर येऊन पडतं.

२. रोटर अगदी बारकाईने बॅलन्स केला, तर क्रिटिकल स्पीडची काळजी कशाला करायची?

बॅलन्सिंगने क्रिटिकल स्पीड तसूभरही हलत नाही. त्या वेगाला होणाऱ्या कंपनाची उंची तेवढी कमी होते. पंख्यांसाठी बॅलन्सिंगचा नेहमीचा दर्जा जी ६.३ हा आहे. १४८० आरपीएमला त्याचा अर्थ होतो गुरुत्वमध्याचा सुमारे ४१ मायक्रॉन फरक चालेल. हा आकडा निरुपद्रवी वाटतो. मात्र क्रिटिकल स्पीडला फरकाचा गुणाकार होतो, आणि बॉल किंवा रोलर बेअरिंगवरच्या रोटरमध्ये डॅम्पिंग फार कमी असतं. ते २ टक्के धरलं तर गुणक २५ येतो. ४१ मायक्रॉनचा झाला १ मिलिमीटर.

शिवाय कारखान्यात बॅलन्स केलेला पंखा तसाच राहत नाही. साखर कारखान्यातल्या बगॅसच्या बॉयलरचा आयडी फॅन बघा. राख पात्यांवर चिकटते, काही ठिकाणी पाती झिजवते, आणि एखाद्या पात्यावरची राखेची खपली अचानक निखळते. त्या क्षणी बॅलन्सिंगचं सर्टिफिकेट निरर्थक होतं. यंत्र अनुनादापासून दूर असेल तर कंपन थोडं वाढून भागतं, जवळ असेल तर नाही.

३. हिशोब करायचा सोपा मार्ग कोणता?

मधोमध एकच वजन असलेल्या शाफ्टसाठी तीन ओळी पुरतात:

```
I  = π d⁴ / 64
k  = 48 E I / L³
Nc = (60 / 2π) √(k / m)
```

आपल्या पंख्यासाठी पोलादाचा E २०६ गिगापास्कल घेतला तर ताठरता k सुमारे १२४३ न्यूटन प्रति मिमी येते. वस्तुमान ३० किलो घेतलं की उत्तर येतं १९४४ आरपीएम.

हेच दुसऱ्या वाटेने काढता येतं. इम्पेलरच्या वजनाने शाफ्टला किती झोळ पडतो ते मिमीमध्ये काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि ९४६ ला त्याने भागा. आपला झोळ ०.२३७ मिमी आहे, उत्तर पुन्हा १९४४ च. अनेक इम्पेलर असलेल्या शाफ्टसाठी डंकर्लीने १८९४ मध्ये मांडलेली पद्धत अजून शिकवतात: प्रत्येक वजनाचा क्रिटिकल वेग वेगळा काढायचा आणि त्यांच्या वर्गांचे व्यस्तांक मिळवायचे. ती उत्तर नेहमी खऱ्यापेक्षा थोडं कमी देते, म्हणजे चुकली तरी सुरक्षित बाजूला चुकते. वरचं एका वजनाचं सूत्र मात्र उलट्या बाजूला चुकतं, आणि तेच प्रश्न ५ मध्ये आहे.

४. सूत्रात गुरुत्वाकर्षणाने पडणारा झोळ आहे. मग उभ्या शाफ्टला क्रिटिकल स्पीड नसते का?

असते, आणि शाफ्ट व टेकू तसेच असतील तर तेवढीच असते. झोळ हा तिथे फक्त ताठरता आणि वस्तुमान यांचं गुणोत्तर एका आकड्यात सांगण्यासाठी वापरला आहे. शाफ्ट आडवा ठेवला असता तर किती झोळला असता, एवढाच त्याचा अर्थ. उभ्या पंपाच्या शाफ्टला झोळ शून्य म्हणून क्रिटिकल स्पीड अनंत, असं उत्तर परीक्षेच्या पेपरात लिहिलेलं सापडतं. गुरुत्वाकर्षणाचा खरा संबंध येतो तो फक्त प्रश्न १२ मधल्या खास प्रकारात.

५. हिशोबात १९४४ आलं, यंत्र १४८० ला चालतं. तरीही ते थरथरतं. हिशोब चुकला का?

गणित बरोबर आहे. ज्या यंत्राचं गणित केलं ते यंत्र तुमच्यासमोर नाही, एवढंच. सूत्राने तीन गोष्टी गृहीत धरल्या: शाफ्टला वजन नाही, बेअरिंग अजिबात दबत नाही, आणि ते ज्यावर बसलंय ती फ्रेमही हलत नाही. तिन्ही गृहीतकं क्रिटिकल स्पीड फुगवून दाखवतात. म्हणून चुका एकमेकींना खोडत नाहीत, साचत जातात.

आधी शाफ्टचं वजन घ्या. १ मीटर लांब, ४० मिमी व्यासाचा पोलादी शाफ्ट जवळजवळ १० किलोचा असतो. मधल्या कंपनात त्यातला साधारण निम्मा भाग, अचूक सांगायचं तर १७/३५, इम्पेलरसोबत हलतो असं मानतात. वस्तुमान ३४.८ किलो झालं आणि क्रिटिकल स्पीड १८०४ वर आली.

आता टेकू. प्लमर ब्लॉक बहुतेक वेळा चॅनेलच्या फ्रेमवर बसवलेले असतात. अशी फ्रेम उभ्या दिशेला बऱ्यापैकी ताठ असते, पण बाजूला ढकलली तर सहज हलते. समजा प्रत्येक ब्लॉकखाली आडव्या दिशेची ताठरता २००० न्यूटन प्रति मिमी आहे. म्हणजे बाजूने सुमारे २०० किलोचा रेटा दिला तर ती १ मिमी सरकेल. हातांनी ढकलून पाहणाऱ्याला ती पक्कीच वाटेल. दोन्ही टेकू मिळून ४०००. शाफ्टची १२४३ आणि टेकूंची ४००० या दोन स्प्रिंगा एकापुढे एक जोडलेल्या आहेत, म्हणून एकत्रित ताठरता दोन्हींपेक्षा कमी, ९४८ न्यूटन प्रति मिमी भरते. क्रिटिकल स्पीड झाली १५७६.

१९४४ पासून १५७६ पर्यंत आपण शाफ्ट किंवा इम्पेलर बदललेला नाही. फक्त जे होतंच, ते मोजलं. ‘शाफ्टची क्रिटिकल स्पीड’ असं आपण म्हणतो खरं, पण ती शाफ्ट, इम्पेलर, बेअरिंग, फ्रेम आणि खालचं फाउंडेशन या सगळ्यांची मिळून असते. म्हणूनच एका शेडमध्ये शांत चालणारा पंखा दुसरीकडे नव्या फ्रेमवर बसवला की बोंब मारतो. फाउंडेशन बोल्ट ढिले झाले, ग्राउटिंग फुटलं, तरी आकडा आणखी खाली येतो.

याच पंख्याची फ्रेम उभ्या दिशेला पाचपट ताठ असेल, तर त्या दिशेची क्रिटिकल स्पीड सुमारे १७५० निघते. म्हणजे एकाच यंत्राला आडवी आणि उभी अशा दोन क्रिटिकल स्पीड असतात. कंपन मोजताना दोन्ही दिशांना सेन्सर लावायचा तो यासाठी.

६. चालण्याचा वेग क्रिटिकल स्पीडपासून किती दूर ठेवावा?

डॅम्पिंग सोडून दिलं तर गुरुत्वमध्याच्या फरकाच्या किती पट शाफ्ट वाकेल, ते सरळ काढता येतं. वेगांचं गुणोत्तर r धरा:

```
वाक / फरक = r² / (1 − r²)
```

१४८० आरपीएमला, क्रिटिकल स्पीड १९४४ असती तर हा गुणक १.४ आला असता. १८०४ ला तो २ च्या जरासा वर जातो. १५७६ ला तो ७.५ होतो. डॅम्पिंग धरलं तरी ७ उरतो. ४१ मायक्रॉनच्या फरकावर शाफ्टचा मध्य ०.३ मिमीच्या आसपास बाहेर फेकला जातो, आणि हे इम्पेलर स्वच्छ असताना.

म्हणून साधा ठोकताळा असा की वेग क्रिटिकल स्पीडच्या ७० ते ७५ टक्क्यांच्या खाली ठेवा. वर चालवायचं असेल तर निदान तेवढंच अंतर वरच्या बाजूला सोडा. मोठ्या कॉम्प्रेसरसाठीच्या एपीआय मानकांत एकच टक्केवारी नसते. तिथे अंतर शिखर किती अणकुचीदार आहे यावर ठरतं. डॅम्पिंग इतकं चांगलं असेल की गुणक २.५ च्या खाली राहतो, तर त्या क्रिटिकल स्पीडसाठी वेगळं अंतर मागितलंच जात नाही. रोलर बेअरिंगवरच्या पंख्याला ही सवलत मिळत नाही.

७. हवा थोडी कमी पडते. व्हीएफडीवर ५० च्या ऐवजी ५३ हर्ट्झ दिले तर चालेल का?

आपल्या पंख्याला अजिबात नाही. ५३ हर्ट्झला वेग सुमारे १५७० आरपीएम होतो आणि क्रिटिकल स्पीड १५७६ आहे. मोटरवरचा भार १९ टक्क्यांनी वाढतो हे बहुतेक जण तपासतात. ॲम्पिअर मर्यादेत आहेत म्हणून परवानगीही देतात. अनुनाद ॲम्पिअर मीटरवर दिसत नाही.

खाली वेग आणतानाही हीच गोष्ट लक्षात ठेवायची, फक्त तिथे शाफ्टपेक्षा फ्रेम, डक्ट किंवा पेडेस्टल यांचे अनुनाद सापडतात. ठरावीक वेगाच्या यंत्राला नंतर व्हीएफडी बसवताना पूर्ण पट्टा एकदा सावकाश चालवून कंपन नोंदवा. ज्या वेगांना ते उसळतं ते पट्टे ड्राइव्हच्या ‘स्किप फ्रिक्वेन्सी’ सेटिंगमध्ये भरा. मग ड्राइव्ह त्या पट्ट्यात थांबत नाही, ओलांडून जातो.

८. यंत्र अनुनादाजवळ सापडलं. आता काय बदलायचं?

पहिली सूचना येते ती फ्रेमला गसेट मारून ती ताठ करण्याची. आपल्या पंख्यात टेकू पाचपट ताठ केले तर क्रिटिकल स्पीड १५७६ वरून १७५० पर्यंत जाते. फायदा आहे, पण फ्रेम कितीही मजबूत केली तरी ती १८०४ च्या वर जाणार नाही, कारण मग उरलेली सगळी लवचीकता शाफ्टची आहे. आणि १८०४ ला १४८० म्हणजे ८२ टक्के, प्रश्न ६ मधल्या मर्यादेच्या बाहेरच.

शाफ्ट ५० मिमीचा केला तर ताठरता व्यासाच्या चौथ्या घाताने वाढून २.४४ पट होते. वाढलेलं शाफ्टचं वजन धरून, जुन्याच मऊ फ्रेमवर क्रिटिकल स्पीड २०४८ येते. वेग ७२ टक्क्यांवर आला. सोबत फ्रेमही ताठ केली तर आकडा २५०० च्या पलीकडे जातो. खरी कमाई दोन्ही मिळून आहे: शाफ्ट जाड झाला की कमकुवत दुवा फ्रेम बनते, आणि आता तिथे केलेला खर्च उपयोगी पडतो.

जागा असेल तर बेअरिंग जवळ आणणं मला सगळ्यात आवडतं. अंतर १५ टक्के घटवलं तरी शाफ्टची ताठरता १.६ पट होते, कारण लांबी घनात येते. इम्पेलर हलका करणंही चालतं, पण तिथे मिळकत वर्गमूळाने होते.

९. कंपन नुसत्या असंतुलनाचं आहे की अनुनादाचं, हे कसं ओळखायचं?

दोन्हींत स्पेक्ट्रमवर फेरीच्या वारंवारतेलाच शिखर दिसतं. म्हणून एका वेगाला घेतलेल्या स्पेक्ट्रमवरून फरक कळत नाही. वेग बदलून पाहावं लागतं.

शाफ्टवर टॅकोसाठी खूण लावा, मोटर बंद करा आणि थांबेपर्यंत कंपनाची उंची व फेज दोन्ही नोंदवा. नुसतं असंतुलन असेल तर वेग उतरतो तसं कंपन शांतपणे उतरतं आणि फेज जवळपास जागेवर राहते. अनुनाद असेल तर मध्येच शिखर येतं आणि ते ओलांडताना फेज एकूण १८० अंशांच्या आसपास फिरते, शिखरावर ९० अंश बदललेली असते. नुसत्या उंचीवर विश्वास ठेवू नका, फेज ही जास्त भरवशाची साक्ष आहे. आपला पंखा शिखराच्या खाली चालतो, त्यामुळे थांबताना शिखर दिसणार नाही. पण पूर्ण वेगाजवळ थोडा वेग घटला तरी कंपन झपाट्याने पडेल आणि फेज सरकेल.

एक खूण बॅलन्सिंग करणारे लगेच ओळखतात: ट्रायल वेट लावलं की प्रत्येक वेळी वेगळंच उत्तर येतं. अनुनादाजवळ १०–१५ आरपीएमच्या फरकानेही फेज सरकते, आणि तापमान किंवा भाराने एवढा फरक पडतोच. असं दिसलं तर आणखी वजनं लावत बसण्यात अर्थ नाही.

बंद यंत्राला हातोडा मारून वारंवारता मोजण्याची चाचणी रोलर बेअरिंगसाठी ठीक आहे. तेलाच्या स्लीव्ह बेअरिंगला ती फसवते, कारण यंत्र थांबलं की तेलाचा थरच तिथे नसतो.

१०. मग मोठ्या टर्बाइन क्रिटिकल स्पीडच्या वर कशा चालतात?

एके काळी हे अशक्य मानलं जायचं. रँकिनने १८६९ मध्ये या विषयावरच्या लेखात निष्कर्ष काढला की त्या वेगाच्या पुढे शाफ्ट स्थिर राहूच शकत नाही. त्याने फिरत्या चौकटीत समतोल मांडला, पण कोरिऑलिस बल सोडून दिलं. पुढे दे लावालने मुद्दाम बारीक, लवचीक शाफ्टवर बसवलेली वाफेची टर्बाइन क्रिटिकल स्पीडच्या कितीतरी वर चालवून दाखवली. फॉपल याने १८९५ मध्ये आणि जेफकॉटने १९१९ मध्ये त्याचं नीट स्पष्टीकरण दिलं.

क्रिटिकल स्पीडच्या खाली इम्पेलरची जड बाजू वाकाच्या बाहेरच्या अंगाला असते. ती ओलांडली की फेज उलटते आणि जड बाजू आत येते. वेग वाढेल तसा गुरुत्वमध्य फिरण्याच्या अक्षावर येऊन बसतो आणि शाफ्टचा वाक मूळ फरकाएवढाच, म्हणजे आपल्या उदाहरणात ४१ मायक्रॉनजवळ, स्थिरावतो. चंद्रपूरच्या वीजकेंद्रातले ५०० मेगावॉटचे जनरेटर ३००० आरपीएमला फिरतात. एवढा लांब, जड रोटर पहिल्या क्रिटिकल स्पीडच्या खाली ठेवायचा तर तो बांधताच येणार नाही. म्हणून तो ती ओलांडूनच चालतो.

ओलांडताना त्या वेगाला रेंगाळायचं नसतं. कंपन शिखरावर पोहोचायला काही फेऱ्या लागतात, वेग झपाट्याने पुढे गेला तर ते पूर्ण उंची गाठत नाही. टर्बाइन चढवताना गरम होण्यासाठी जे थांबे घेतात, ते क्रिटिकल पट्ट्यांच्या बाहेर ठरवलेले असतात. थांबताना मात्र वेग घटण्याचा दर आपल्या हातात नसतो, म्हणून घासण्याचा धोका उतरताना जास्त असतो.

११. अनुनादात शाफ्ट थकून तुटतो ना?

बहुधा आधी दुसरंच काही तुटतं. दोरीवरच्या उड्या मारताना दोरी जशी धनुष्यासारखी वाकून गोल फिरते, तसा शाफ्ट वाकलेल्या स्थितीतच फिरतो. त्याचा वाक शाफ्टच्याच वेगाने फिरत असल्याने बाहेरचा तंतू सतत बाहेरच, आणि आतला आतच राहतो. ताण उलटसुलट होत नाही, म्हणून या कारणाने धातू थकत नाही. ताण थोडा बदलतो तो गुरुत्वाकर्षणाच्या झोळामुळे. आणि प्रश्न ५ प्रमाणे दोन दिशांची ताठरता वेगळी असेल तर मार्ग लंबवर्तुळ होतो, त्यामुळेही.

आकडे पाहा. आपला शाफ्ट मधोमध १ मिमी वाकला तर त्यातला ताण सुमारे ५० मेगापास्कल होतो. पोलाद तो सहज झेलतं. पण त्यासाठी लागणारं बल १२४० न्यूटन आहे, म्हणजे प्रत्येक बेअरिंगवर ६२० न्यूटन, त्याच्या वाट्याच्या स्थिर वजनाच्या जवळजवळ तिप्पट. आणि हे बल फ्रेमला सेकंदाला २५ वेळा उलटसुलट हलवतं. म्हणून आधी बेअरिंग, सील, फाउंडेशन बोल्ट आणि फ्रेमच्या वेल्डिंगमध्ये भेगा, हा क्रम दिसतो. इम्पेलर केसिंगला घासला तर गोष्ट वेगळी: घर्षणाने शाफ्टची एक बाजू तापते, तो त्या बाजूला बाकदार होतो, आणि कंपन आणखी वाढतं.

१२. क्रिटिकल स्पीडच्या बरोबर निम्म्या वेगाला शिखर येतं. हे काय आहे?

शाफ्टचा छेद सगळ्या बाजूंनी सारखा ताठ नसेल तर हे होतं: मोठा कीवे, दोन पोलच्या जनरेटर रोटरमधल्या खाचा, किंवा भेग. आडवा शाफ्ट फिरताना त्याचा झोळ एका फेरीत दोनदा कमीजास्त होतो. म्हणजे फेरीच्या दुप्पट वारंवारतेचं कंपन तयार होतं, आणि निम्म्या वेगाला ते नैसर्गिक वारंवारतेशी जुळतं. उभ्या शाफ्टमध्ये हे दिसत नाही, कारण झोळ नाही. दुप्पट वारंवारता मिसअलाइनमेंटमध्येही दिसते, त्यामुळे एकट्या शिखरावरून भेग म्हणू नका. पण पूर्वीच्या नोंदींत नसलेलं शिखर निम्म्या वेगाला उगवलं आणि महिनोन्महिने वाढतंय, तर शाफ्ट उघडून तपासा.

१३. वेग वाढवूनही कंपन जात नाही, आणि त्याची वारंवारता फेरीपेक्षा कमी आहे. क्रिटिकल स्पीड ओलांडली नाही का?

ओलांडली आहे, आणि म्हणूनच हे होतंय. तेलाच्या स्लीव्ह बेअरिंगमध्ये तेल शाफ्टच्या वेगाच्या निम्म्याहून थोड्या कमी सरासरी वेगाने फिरतं आणि शाफ्टला त्याच वेगाने ढकलत नेतं. यंत्राचा वेग पहिल्या क्रिटिकल स्पीडच्या दुपटीजवळ पोहोचला की ही ढकल नैसर्गिक वारंवारतेवर येऊन पडते. मग वेग कितीही वाढवा, कंपन त्याच वारंवारतेला चिकटून राहतं. याला ऑइल व्हिप म्हणतात. न्यूकर्कने १९२० च्या दशकात त्याचा अभ्यास केला.

प्रश्न १० मधला ‘पटकन ओलांडा’ हा उपाय इथे लागू नाही, कारण ओलांडायला पलीकडची बाजूच नाही. बॅलन्सिंगचाही उपयोग नाही, कारण कंपनाला शक्ती असंतुलनातून मिळत नाही, शाफ्टच्या फिरण्यातून मिळते. उपाय बेअरिंगमध्येच असतो: अंतर्गत फट आणि तेलाचं तापमान बदलून काही वेळा सुटका होते, नाहीतर साधं गोल बेअरिंग काढून टिल्टिंग पॅडचं बसवावं लागतं.